भरलाय की रिकामा? सर्क्युलर बफरमधला जादा बिट

[स्क्रीनवर: गोलात मांडलेले आठ स्लॉट, ० ते ७. दोन्ही बाण ० वर.]

हा बफर रिकामा आहे की भरलेला? नुसतं चित्र बघून नाही सांगता येणार. राइट पॉइंटर म्हणजे पुढचा डेटा कुठे टाकायचा आणि रीड पॉइंटर म्हणजे पुढचा कुठून काढायचा. सुरुवातीला दोघंही ० वर, आत काहीच नाही. आता आठ वेळा लिहा, एकदाही वाचू नका, राइट पॉइंटर अख्खा गोल फिरून परत ० वरच येतो. तेव्हा रिकामं असताना जे चित्र तेच गच्च भरल्यावर, आणि दोन्हीत करायचं मात्र नेमकं उलट, एकात वाचायला बंदी, दुसऱ्यात लिहायला.

बरेच जण एक स्लॉट कायम मोकळा सोडतात, म्हणजे आठातले सातच वापरायचे. चालतं ते, पण स्लॉट मोठा असेल तर जीव चुटपुटतो. दुसरे वेगळा काउंट ठेवतात, आणि मग त्या एकाच काउंटला लिहिणाराही हात लावतो आणि वाचणाराही, एक इंटरप्टमध्ये आणि दुसरा मेन लूपमध्ये असला की कधीतरी काउंट चुकणारच.

जादा बिटची युक्ती मला म्हणून आवडते की इथे प्रत्येकजण फक्त आपापला पॉइंटर बदलतो, दुसऱ्याचा नुसता बघतो.

[स्क्रीनवर: तीन बिट, त्यांच्या डावीकडे चौथा उजळतो.]

आठ स्लॉटना पत्ता द्यायला तीन बिट पुरतात. आपण पॉइंटर चार बिटचा करायचा, म्हणजे तो ० ते १५ मोजतो. खालचे तीन बिट स्लॉट सांगतात, वरचा बिट प्रत्येक फेरीला उलटतो. फेऱ्या कितीही होऊ देत, एकच बिट कसा पुरतो? कारण लिहिणारा वाचणाऱ्याच्या एका फेरीपेक्षा जास्त पुढे जाऊच शकत नाही, तिथे बफर भरलेला असतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की दोघं एकाच फेरीत आहेत की नाहीत.

```c
empty = (w == r);
full  = ((w ^ r) == 8);
count = (w - r) & 15;
slot  = w & 7;
```

आता चालवून बघू. आठ वेळा लिहिलं, `w` झाला `1000`, `r` अजून `0000`. खालचे तीन बिट सारखे, वरचा वेगळा, म्हणजे फुल. तीन वाचले, `r` झाला `0011`, आत उरले पाच. परत तीन लिहिले, `w` झाला `1011`, दोघंही स्लॉट ३ वर आणि वरचा बिट वेगळा, परत फुल. आता आठही वाचून टाका, `r` पण `1011` होतो, चारही बिट जुळले, एम्प्टी.

इथून पुढे खरी गंमत आहे. आणखी आठ लिहा, अकरा अधिक आठ एकोणीस, पण चार बिटात एकोणीस मावत नाही म्हणून `w` होतो `0011`. बफर भरलाय, पण या वेळी वरचा १ आहे वाचणाऱ्याकडे आणि ० लिहिणाऱ्याकडे! ज्याने फुलची अट "राइटचा बिट १ आणि रीडचा ०" अशी लिहिलीय त्याचा कोड इथे झोपतो. पहिल्यांदा भरला तेव्हा बरोबर चाललं होतं, त्यामुळे छोट्या टेस्टमध्ये हे सापडतही नाही. नववा डेटा बिनधास्त आत येतो, न वाचलेल्या सगळ्यात जुन्या डेटावर बसतो आणि `count` ९ दाखवतो. आठ स्लॉटच्या बफरमध्ये ९ दिसले की समजायचं, ओव्हरफ्लो झालाय. बिट कुणाचा १ आहे ते बघायचंच नाही, वेगळा आहे का तेवढंच बघायचं.

वजाबाकीनंतरचं ते `& 15` पण विसरू नका हं, आत्ताच्याच केसमध्ये ३ वजा ११ म्हणजे उणे ८ येतं, मास्क लावला की नीट ८.

हे सगळं इतकं सुटसुटीत जमतं कारण साइज दोनच्या घातातली आहे. सहा स्लॉट असतील तर पत्ता ५ वरून हाताने ० करायचा आणि त्याच वेळी जादा बिट उलटवायचा. फुल-एम्प्टीची तुलना तशीच चालते, पण आत किती आहेत हे काढताना बिट वेगळे असले तर पत्त्यांच्या वजाबाकीत सहा मिळवावे लागतात.

[स्क्रीनवर: दोन वेगळी क्लॉक, मधे तुटक रेषा.]

हार्डवेअरमध्ये लिहिणारा एका क्लॉकवर आणि वाचणारा दुसऱ्या क्लॉकवर असेल तर आणखी एक भानगड. `0111` वरून `1000` होताना चारही बिट बदलतात, पलीकडच्याने नेमकं तेव्हाच बघितलं तर काहीही वाचलं जाऊ शकतं. म्हणून पॉइंटर ग्रे कोडमध्ये पाठवतात, एका वेळी एकच बिट बदलतो, चुकलं तरी जुनी किंवा नवी व्हॅल्यूच मिळते. पण मग फुलची अट बदलते, कारण ग्रेमध्ये ० म्हणजे `0000` आणि ८ म्हणजे `1100`, तेव्हा वरचे दोन बिट वेगळे आणि बाकीचे सारखे असं तपासावं लागतं. शिवाय पलीकडचा पॉइंटर सिंक्रोनायझरमधून येतो म्हणून थोडा शिळा असतो, जागा झाल्यावरही लिहिणाऱ्याला एक-दोन क्लॉक फुलच दिसत राहतं. ते चालतं, थोडं थांबावं लागतं इतकंच, डेटा जात नाही.