झेरॉक्सच्या दुकानात आता नेमके काय विकले जाते

(तालुक्याच्या गावातील झेरॉक्स, डीटीपी आणि सायबर कॅफेचालकांच्या बैठकीत दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, माझ्या दुकानात एके काळी आठ संगणक होते आणि ते तासावर दिले जात. आज दोन उरले आहेत आणि त्या दोन्हींवर गिऱ्हाईक बसत नाही, आम्ही बसतो. ज्याच्या खिशात इंटरनेट आहे तो तासाचे पैसे कशासाठी देईल? झेरॉक्सचेही तेच झाले. पूर्वी सातबारा, मार्कशीट, जातीचा दाखला यांच्या पाच-पाच प्रती निघत. आता बहुतेक अर्जांना प्रत लागत नाही, फाइल लागते. यावर आपण सारे 'धंदा गेला' म्हणतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. काम गेलेले नाही, ते कागदावरून फाइलवर सरकले आहे, आणि आपण मात्र अजून पानाचाच दर लावून बसलो आहोत.

हे एका गिऱ्हाइकाच्या उदाहरणावरून सांगतो. बँकेच्या भरतीचा अर्ज भरायला एक मुलगी येते. फोनवर तिने स्वतः प्रयत्न केलेला असतो आणि फोटो चढवताना अर्ज अडलेला असतो. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी, अशी मापे दिलेली असतात. तिच्या फोनमधला फोटो तीन एमबीचा. घाईतला दुकानदार ती फाइल कुठल्या तरी संकेतस्थळावर टाकून ५० केबीपर्यंत दाबतो. फाइल हलकी होते, पण पिक्सेल तितकेच राहिल्याने चेहऱ्यावर चौकोनी ठिपके उमटतात. म्हणून क्रम उलटा हवा: आधी कापणे, मग पिक्सेल कमी करणे आणि दर्जा सर्वांत शेवटी. २०० गुणिले २३० पिक्सेलचा फोटो मुळातच छोटा असल्याने शेवटच्या पायरीला फारसे दाबावे लागत नाही.

कापण्यातही एक खोच आहे, आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. आपण पासपोर्ट फोटो साडेतीन गुणिले साडेचार सेंटिमीटरचा कापतो. त्याची रुंदी उंचीच्या ७८ टक्के असते, तर २०० गुणिले २३० मध्ये ती ८७ टक्के आहे. म्हणजे तयार पासपोर्ट फोटो तसाच ओढून या चौकटीत बसवला, तर चेहरा सुमारे बारा टक्के रुंद होतो. गिऱ्हाईक म्हणते, 'मी एवढी जाड दिसते का?' आणि आपण हसण्यावारी नेतो. पण परीक्षा केंद्रावर चेहरा ताडून पाहतात, तिथे हा प्रश्न हसण्याचा राहत नाही. उपाय सोपा आहे. रुंदी तशीच ठेवावी आणि उंचीतून अर्धा सेंटिमीटर कापावा, तोही डोक्यावरच्या मोकळ्या जागेतून आणि खाली छातीकडून.

सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने घ्यावी आणि कडेने घट्ट कापावी. मोकळा कागद राहिला की १४० पिक्सेलांत सही मुंगीएवढी होते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. याच अर्जात उमेदवाराने स्वहस्ते इंग्रजीत लिहिलेले एक घोषणापत्रही चढवायचे असते. गर्दीच्या वेळी कित्येक दुकानांत ते दुकानदारच लिहून देतो. त्याला ती मदत वाटत असते, पण अक्षर उमेदवाराचेच हवे अशी अट असल्याने त्याने तिचा अर्ज धोक्यात घातलेला असतो. ही मापे आणि अटी प्रत्येक भरतीत बदलू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर न जाता त्या त्या जाहिरातीचे पान उघडून ठेवावे.

आता हिशेब पाहा. या सगळ्याला समजा चाळीस मिनिटे लागली आणि शेवटी तीन पानांची प्रिंट निघाली. पाच रुपये पान धरले तर गल्ल्यात पंधरा रुपये आले. तेवढ्या वेळात कोणी दोनशे पानांच्या नोट्स झेरॉक्सला दिल्या असत्या तर दोन रुपये पानाने चारशे आले असते, आणि कागद-टोनर वजा जाऊनही बरेच उरले असते. म्हणून आम्ही प्रिंटचा दर तसाच ठेवला आणि फोटो-सही तयार करणे, अर्ज भरणे आणि अर्जातली दुरुस्ती अशा तीन कामांचे तीन दर भिंतीवर लावले. पहिल्या महिन्यात वाद झाले. 'दोन मिनिटांचे तर काम' हे वाक्य तुम्हालाही पाठ असेल. दर काम हाती घेण्यापूर्वी सांगायला लागल्यावर मात्र वाद कमी झाले. एक मर्यादा लक्षात असू द्या: आपले सरकार सेवा केंद्राच्या सेवांचे शुल्क शासन ठरवते, तिथे आपला दर चालत नाही, आणि ज्यांच्याकडे ते केंद्र नाही त्यांनी तसा फलक लावू नये.

फोनवरून येणाऱ्या प्रिंटबद्दल एवढेच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली मार्कशीट आकाराने कमी होऊन येते आणि छापल्यावर बारीक अक्षर फुटते. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. हॉल तिकिटाचा स्क्रीनशॉट आणला असेल तर मूळ पीडीएफ मागावी. ई-आधारची पीडीएफ उघडत नसेल, तर तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्माचे वर्ष. तो गिऱ्हाइकालाच टाकू द्यावा.

याहून नाजूक प्रश्न या फाइलींच्या पुढच्या मुक्कामाचा आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका पत्रकात सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवणे टाळा, उतरवलेच तर प्रत कायमची पुसा, असा सल्ला होता. ते पत्रक गैरसमजाच्या भीतीने दोनच दिवसांत मागे घेतले गेले, पण दुसरा सल्ला आपल्यासाठी खरा आहे. तुमच्या संगणकातला 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून पाहा. निम्म्या गावाचे आधार, पॅन आणि पासबुक तिथे सापडेल. आम्ही दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक घरच्या क्रमांकापासून वेगळा केला आहे, आणि रात्री शटर ओढण्यापूर्वी तो फोल्डर, रीसायकल बिन आणि व्हॉट्सअ‍ॅपमधल्या आलेल्या फाइली, तिन्ही रिकामे करतो. फक्त डिलीट करून काम भागत नाही, फाइल बिनमध्ये पडून राहते. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार संगणक वापरणाऱ्याची नोंद किमान वर्षभर जपावी लागते. ते वापराचे रजिस्टर झाले, लोकांची कागदपत्रे जमवण्याची मुभा नव्हे.

शेवटी आमच्याच दुकानात झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात ओटीपीसाठी गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावे लागू नये म्हणून आम्ही अर्जात दुकानाचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल घालत असू. काम झटपट व्हायचे. पुढे आम्ही तो क्रमांक बंद केला. दोन वर्षांनी एक मुलगा शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी आला, तेव्हा त्याच्या खात्याचा ओटीपी त्या बंद क्रमांकावर जात होता. क्रमांक बदलून मिळेपर्यंत त्याला महाविद्यालयात आणि कार्यालयात खेटे घालावे लागले, आणि ते खेटे आमच्या सोयीपायी होते. त्यानंतर अर्जात गिऱ्हाइकाचाच क्रमांक जातो. फोन घरी विसरला असेल तर अर्ज दुसऱ्या दिवशी भरला जातो. काम झाल्यावर अर्ज क्रमांक, लॉगिन नाव आणि कोणता मोबाइल जोडला आहे हे एका चिठ्ठीवर छापून देतो आणि पासवर्डची जागा कोरी ठेवतो. ती त्याने घरी जाऊन स्वतःच्या हाताने भरायची असते.