तक्रारीतलं एक वाक्य

नमस्कार, श्रोतेहो. गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सांगतो, की दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे अशी समिती हवीच, आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवा. समितीसमोर आलेली नावं आणि तपशील उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणून आज सांगणार आहे त्या दोन्ही गोष्टी मी अनेक प्रकरणांतले धागे एकत्र करून रचल्या आहेत. नावं अर्थात खोटी.

पहिली गोष्ट सुनंदाची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये ती कंत्राटी होती. कंत्राट अकरा महिन्यांचं, ३० जूनला संपणारं. तिचा अर्ज समितीपुढे आला तेव्हा त्यात अडीच ओळी होत्या : ‘साहेब माझ्याशी वाईट वागतात. अश्लील बोलतात. मला मानसिक त्रास होत आहे, तरी न्याय मिळावा ही विनंती.’ मधे एक ओळ लिहून इतकी खोडली होती, की कागद फाटायला आला होता. त्या ओळीत काय होतं, असं आम्ही विचारलं. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, ते लिहायला लाज वाटली. साहेब म्हणाले, तुझी मुदतवाढ माझ्या सहीवर आहे. शनिवारी माझ्याबरोबर लोणावळ्याला चल, रात्री राहू, सोमवारी सही करतो.”

सगळं प्रकरण त्या खोडलेल्या ओळीत होतं.

साहेबाने जे केलं त्याला कायद्याच्या भाषेत ‘क्विड प्रो क्वो’ म्हणतात. आपण सरळ ‘मोबदल्याची मागणी’ म्हणू. नोकरी, बढती, मुदतवाढ, रजा, चांगला शेरा यातलं काहीतरी एकाच्या हातात असतं आणि त्याच्या बदल्यात तो शरीर मागतो. आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे शब्द नाहीत, पण आशय आहे. तिथे पाच परिस्थिती दिल्या आहेत. पहिल्या तीन या प्रकारच्या : नोकरीत झुकतं माप देण्याचं आश्वासन, नुकसान करण्याची धमकी, आणि आताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी. आश्वासन किंवा धमकी उघड असो वा आडून, दोन्ही छळातच मोडतं. आणि धमकी खरी करून दाखवलीच पाहिजे असंही नाही.

अशा तक्रारीत समिती तीन गोष्टी शोधते. या माणसाच्या हातात काय होतं? त्याने काय मागितलं? आणि नकारानंतर, किंवा होकारानंतर, काय झालं? ‘अश्लील बोलतात’ या दोन शब्दांत यातलं एकही उत्तर नाही. सुनंदाने अर्ज पुन्हा लिहिला, तो साधारण असा : ‘१२ जून रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास, स्टोअरच्या केबिनमध्ये, आम्ही दोघेच असताना, साहेब मला म्हणाले...’ आणि पुढे त्यांचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, अवतरणात. ‘मी म्हणाले, मला जमणार नाही, असं परत बोलू नका. १७ जूनला माझी रजा त्यांनी नामंजूर केली. २० जूनला मला स्टोअरमधून पॅकिंगला पाठवलं. ३० जूनला माझ्यासोबतच्या दोघींना मुदतवाढ मिळाली, मला नाही.’

बघा, तिने कोणतंही विशेषण वापरलेलं नाही. तरी ‘मुदतवाढ’ आणि ‘लोणावळा’ एका वाक्यात आल्याबरोबर नोकरीची आणि मागणीची गाठ दिसते.

केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं. मग सिद्ध कसं करायचं? बायका इथेच खचतात. पण समितीला फौजदारी कोर्टासारखा नि:संशय पुरावा लागत नाही. दोन बाजूंपैकी कोणती जास्त संभवनीय वाटते, हे ती पाहते. शिवाय कागदपत्रं मागवण्याचे तिला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. आम्ही सुनंदाची फाईल मागवली. मे महिन्यात याच साहेबांच्या सहीचा शेरा होता, ‘काम समाधानकारक, मुदतवाढीस शिफारस.’ २५ जूनला त्याच अक्षरात, ‘कामात लक्ष नाही.’ मधल्या काळात काय बिघडलं, याचं उत्तर साहेबांना देता आलं नाही. तारखा लिहिल्या होत्या म्हणून नेमकी ती फाईल मागवता आली. १२ जूनच्या संध्याकाळीच तिने घरी येऊन बहिणीला सांगितलं होतं. ती बहीण साक्षीदार झाली. तिने प्रसंग पाहिला नव्हता, पण सुनंदा त्याच दिवशी रडत काय म्हणाली ते तिने ऐकलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला जड जाते. मे महिन्यात सुनंदा साहेबांसोबत एकदा चहाला गेली होती. हे अर्जात लिहू नकोस, असं तिला मैत्रिणींनी सांगितलं. मी म्हणते, लिहा. समोरचा ते काढणारच, आणि लपवलेली गोष्ट त्याच्या तोंडून आली की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही सावली पडते. ‘नोकरी जाईल या भीतीने नाही म्हणता आलं नाही’ हे खरं असेल तर तसंच लिहावं. नाइलाजाने होकार दिला असेल तरी तक्रार संपत नाही. ते तिला हवं होतं की नको होतं, हा प्रश्न असतो. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेत काम करणाऱ्या मिशेल व्हिन्सन यांच्या खटल्यात हाच फरक केला होता. आपल्या कायद्यातही ‘नकोसं’ हाच शब्द पायाचा आहे.

आता दुसरी गोष्ट, रेखाची. तिच्याकडे कुणीही काही मागितलं नाही. अकाउंट्समध्ये सहा पुरुष आणि ती एकटी. जेवणाच्या सुट्टीत घाणेरडे विनोद, ती आली की एकदम शांतता आणि मग हसू. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकांच्या देहावरच्या क्लिप. तिच्या छातीवरून पाडलेलं एक टोपणनाव. यातला कुणीच तिचा साहेब नव्हता. ‘मग तक्रार कसली करू? माझं नुकसान तर काही केलं नाही,’ असं ती म्हणायची. पण कलम ३ मधली चौथी परिस्थिती नेमकी हीच आहे : कामात अडथळा आणणारं, धाक घालणारं, अपमानास्पद किंवा प्रतिकूल वातावरण. पाचवी म्हणजे तिच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल अशी अपमानाची वागणूक.

ही तक्रार वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागते. मोबदल्याच्या मागणीत एक वाक्य पुरू शकतं. इथे सहसा साखळी दाखवावी लागते. रेखाच्या पहिल्या अर्जात होतं, ‘हे रोज चालतं.’ चौकशीत पहिलाच प्रश्न येतो, रोज? रविवारीही? आणि ती अडखळते. त्यापेक्षा पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग तारखेसह लिहावा. मधलं ‘आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा जेवणाच्या वेळी’ असं खरंखुरं लिहावं. कोण काय करायचं, हे माणूसवार हवं. सहाही जणांवर एकच आरोप टाकला तर जो फक्त हसायचा तो सुटतो आणि त्याच्या आडून टोपणनाव पाडणाराही सुटू पाहतो. आणि ते टोपणनाव लिहावंच लागतं. ‘अपमानास्पद नाव’ असं लिहून समितीला काही कळत नाही.

शिवाय परिणाम. रेखाने जेवणाच्या खोलीत जाणं बंद केलं, जिन्यात उभी राहून डबा खायची. सही घ्यायला त्या टेबलाकडे जावं लागू नये म्हणून व्हाउचर साठवून ठेवायची, मग काम उशिरा झालं म्हणून बोलणी खायची. हा झाला कामातला अडथळा. ‘मानसिक त्रास झाला’ यापेक्षा जिन्यातला तो डबा खूप काही सांगतो.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. साहेब कामावरून ओरडले, सगळ्यांवरच ओरडतात, हे वाईट आहे पण लैंगिक छळ नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बँक अधिकाऱ्याविरुद्धचा समितीचा निष्कर्ष रद्द केला. बैठकीत सहकारी महिलेच्या केसांवर एक शेरा मारणं आणि गाण्याची ओळ गुणगुणणं, एवढ्यावरून लैंगिक छळ झाला असं म्हणणं कठीण आहे, असं न्यायालयाने म्हटलं. एकच गंभीर प्रसंग पुरतो, अंगाला हात लावला तर पुरतोच. पण हलक्या वाटणाऱ्या प्रसंगांच्या बाबतीत पुढचे-मागचे प्रसंग आणि त्यांचा रोख दाखवला नाही, तर तक्रार टिकत नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप रागाने सोडण्याआधी म्हणूनच चॅट जपून ठेवा, नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

मुदतीचा हिशोब सांगते, कारण खऱ्या तक्रारी इथे मरतात. प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. साखळी असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. योग्य कारण असेल तर समिती कारण नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. रेखाला साखळीचा फायदा मिळतो. सुनंदासारखीला मात्र धोका असतो. मागणी जूनमध्ये झाली आणि बदली डिसेंबरमध्ये, तर ती म्हणते, मुदत बदलीपासून मोजा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात हे मानलं नाही. तिला पदावरून हटवणं हा वेगळा प्रशासकीय निर्णय ठरला, शेवटचा लैंगिक प्रसंग एप्रिलचा धरला गेला, आणि डिसेंबरचा अर्ज मुदतबाह्य ठरला. म्हणून नकाराची शिक्षा आपल्याला होण्याची वाट बघू नका. मागणी झाली त्या दिवसापासून घड्याळ चालू झालं असं समजा.

आपल्या बाबतीत दोन्ही घडलं असेल तर एकाच अर्जात दोन्ही लिहा, फक्त वेगवेगळ्या परिच्छेदांत. कलमाचा आकडा चुकला तरी बिघडत नाही, ते समिती बघेल. शेवटी काय हवंय ते मात्र मागा. सुनंदाने मागितलं, की चौकशी होईपर्यंत माझ्या कामाचा शेरा या साहेबांनी लिहू नये. नियमांत तशी तरतूद आहे. रेखाने दुसऱ्या विभागात बदली मागितली. तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते आणि ती आपल्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. दहापेक्षा कमी माणसांचं दुकान असेल, घरकाम असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायचा. सुनंदासारख्या कंत्राटी बायकांनाही हा कायदा पूर्ण लागू आहे, मग पगार ठेकेदार देत असला तरी.

अर्जाच्या सहा प्रती लागतात. सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते आणि कागद जोडा. सातवी प्रत स्वतःसाठी काढा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. आणि देण्याआधी अर्ज एकदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज अडखळतो, जी ओळ खोडावीशी वाटते, ती ओळ राहू द्या. नमस्कार.