लाइट जाऊन आली की रिमोट का बिघडतो

मंडळी, मंगळवार पेठेतल्या एका काकूंचा मला सकाळी सकाळी फोन आला. "अरे, तू लावून दिलेलं बटण उलटं चालायला लागलंय. टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद पडतो." दोन आठवडे हाच रिमोट बिनतक्रार चालला होता.

त्यांच्याकडे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार. मी लर्निंग रिमोट, म्हणजे जुन्या रिमोटचे कोड शिकून घेणारा एकच रिमोट, दिला होता. तो शिकवणं सोपं असतं. दोन्ही रिमोट तोंडासमोर तोंड, मध्ये दोन बोटांचं अंतर, आणि थेट ऊन नको. नव्यावरचं बटण निवडायचं, मग जुन्यावरचं दाबायचं. आवाज साउंडबारचा, चॅनेल आणि आकडे बॉक्सचे, अशी वाटणी केली. फक्त आधी जुना रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा. बटण दाबल्यावर जांभळट ठिपका लुकलुकला नाही, तर तो रिमोट बहुधा ब्लूटूथचा असतो किंवा सेल तरी गेलेले असतात. ब्लूटूथचा असेल तर शिकवता येत नाही.

मग एका बटणात तिघांचे पॉवर कोड ओळीनं भरले. चूक तिथंच झाली, आणि ती माझी. बहुतेक रिमोटवरचं पॉवर बटण 'चालू हो' असं सांगतच नाही. ते सांगतं, 'आहेस त्याच्या उलटा हो.' तिघे एकाच अवस्थेत असतील तोवर सगळं जमतं. त्या रात्री लाइट गेली आणि पहाटे आली. बॉक्स आपोआप चालू झाला, टीव्ही आणि साउंडबार झोपलेलेच राहिले. काकूंनी बटण दाबलं, तिघे उलटले!

यावर खरा इलाज म्हणजे चालू आणि बंद यांचे वेगळे कोड. ते काही यंत्रांना असतात, पण त्यांच्या रिमोटवर बटण नसल्यामुळे शिकवता येत नाहीत. म्हणून मी पॉवर कोडच कमी केले. साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत होता. टीव्हीच्या मेनूत सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या तारेतून यंत्रांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय, चालू केली, तसा तो टीव्हीबरोबर उठायला आणि झोपायला लागला. त्याचा कोड काढला. बॉक्सचाही काढला आणि त्या जागी चॅनेल पुढे नेण्याचा कोड घातला. काकूंचा बॉक्स झोपेत असला तर त्या बटणानंही उठतो, जागा असला तर फक्त एक चॅनेल पुढे सरकतो. उलटा कोड आता एकट्या टीव्हीचा उरला.

टीव्हीला उठायला सहा-सात सेकंद लागत होते. त्याच बटणातला, टीव्हीला बॉक्सच्या एचडीएमआय खाचेवर नेणारा आदेश तेवढ्यात गेला तर वाया जायचा, म्हणून मध्ये आठ सेकंदांची थांब घातली.

निघताना मी भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला. बॉक्स जागा, टीव्ही झोपलेला, अगदी त्या पहाटेसारखंच. काकूंनी बटण दाबलं. चित्र आलं, आवाज आला, फक्त बातम्यांच्या जागी पुढचं भक्तीचं चॅनेल लागलं होतं. काकू म्हणाल्या, "राहू दे तेच."