एका पानाची ओळख

[दृश्य: सांगली. सकाळचं स्वयंपाकघर. ओट्याजवळ स्टँडला लावलेला मोबाईल. कढईत शेंगदाणे परतले जातायत.]

या घरात आठवड्याला तीन रील बनतात. भडंग, घाटी मसाल्याची आमटी, उपवासाची थालीपीठं. बनवणाऱ्या काकूंचं वय अठ्ठेचाळीस. इन्स्टाग्रामवर त्यांचे अकरा हजार चारशे फॉलोअर आहेत. मोबाईल धरायला आणि एडिटिंगला बारावीतली पुतणी मदत करते.

गेल्या दिवाळीआधी दोघींनी ठरवलं, आता ब्रँडला विचारायचं. रील करायला पैसे लागतात, तर त्यातून पैसे यायलाही हवेत. कुणीतरी सांगितलं, मीडिया किट लागतं. म्हणजे आपली ओळख, आपला प्रेक्षक, आपले आकडे आणि आपला दर सांगणारी एक छोटी पीडीएफ. दोघींनी ती बनवली आणि चार कंपन्यांना पाठवली. चौघांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

[दृश्य: लॅपटॉपवर पहिली पीडीएफ. नऊ पानं. जांभळी फुलं, गोल चौकटीत फोटो.]

हे ते पहिलं किट. पहिल्या पानावर स्वागत, दुसऱ्यावर लहानपणापासूनची स्वयंपाकाची आवड, तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत एकच आकडा: एक लाख शहाऐंशी हजार. फाईल इतकी जड की व्हॉट्सअ‍ॅपवर उघडायला वेळ लागायचा. जोडाक्षरंही काही ठिकाणी सुटी झाली होती. पीडीएफ आपल्याच लॅपटॉपवर बघून पाठवली की ही चूक दिसत नाही. ती दुसऱ्याच्या साध्या फोनवर उघडून बघावी लागते.

पण खरी अडचण त्या मोठ्या आकड्यात होती.

कंपनीत ही पीडीएफ बघणारा माणूस बहुतेक वेळा मार्केटिंगमधला एखादा तरुण कर्मचारी असतो. त्याच्याकडे अशा पुष्कळ पीडीएफ येतात. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. माझं गिऱ्हाईक या बाईंकडे आहे का? आणि पुढच्या रीलला साधारण किती लोक येतील? एक लाख शहाऐंशी हजार हा आकडा दोन्हींचं उत्तर देत नाही. तो एकाच रीलचा होता. भडंगाची ती रील कुठल्या तरी मोठ्या पानाने पुढे पाठवली आणि उधळली. तिच्या इनसाइट्समध्ये पाहिलं, तर बघणाऱ्यांत फॉलोअर जवळपास नव्हतेच आणि बरेच लोक महाराष्ट्राबाहेरचे होते.

[दृश्य: वही. पुतणी बारा आकडे एकाखाली एक लिहितेय.]

मग दोघी वही घेऊन बसल्या. व्यावसायिक अकाउंट असलं की प्रत्येक रीलखाली इनसाइट्स दिसतात. त्यात व्ह्यूज म्हणजे रील किती वेळा चालली, आणि रीच म्हणजे ती किती अकाउंटपर्यंत पोहोचली. एकाच माणसाने चारदा बघितली तर व्ह्यूज चार होतात, रीच एकच. काकूंनी रीच निवडला, कारण कंपनीला माणसं मोजायची असतात. कुठलाही निवडा, पण किटमध्ये त्याचं नाव लिहा आणि दोन्हींची सरमिसळ करू नका.

कुठल्या रील घ्यायच्या, यालाही नियम हवा. दोघींनी शेवटच्या बारा घेतल्या, पण आठवडा उलटलेल्याच, कारण कालच्या रीलचा आकडा अजून वाढत असतो. पैसे देऊन बूस्ट केलेली एक रील गाळली. तो रीच विकत घेतलेला होता.

[दृश्य: पडद्यावर आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत: २,१०० / २,६०० / २,९०० / ३,२०० / ३,४०० / ३,७०० / ४,१०० / ४,३०० / ४,८०० / ५,२०० / ६,९०० / १,८६,०००]

बेरीज दोन लाख एकोणतीस हजार दोनशे. बाराने भागली की सरासरी एकोणीस हजार शंभर. आता पुन्हा एकदा यादी बघा. बारापैकी अकरा रील सात हजारांच्या आत आहेत. एकोणीस हजारांच्या आसपास एकही नाही. ही सरासरी त्या एका भडंगाची आहे.

शाळेच्या गणितात आपण सगळ्यांनी मध्यक काढलाय. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. बारा असतील तर मधले दोन घेऊन त्यांची सरासरी. इथे तीन हजार सातशे आणि चार हजार शंभर. मध्यक तीन हजार नऊशे.

काकूंचा चेहरा पडला. "एवढंच लिहायचं? मग कोण विचारणार आपल्याला?"

हा प्रश्न प्रत्येक लहान क्रिएटरचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. एकोणीस हजार लिहिले आणि कंपनीने काम दिलं, तर पैसे घेतलेली रील चार हजारांवर थांबण्याचीच शक्यता जास्त. कंपनी नंतर इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागतेच. तिथे आपण खोटे ठरतो आणि दुसरं काम मिळत नाही. तीन हजार नऊशे लिहिले तर निम्म्या रील त्याच्या वर जातात. भडंगाची रील लपवायची गरज नाही. ती खाली वेगळ्या ओळीत द्यायची: "सर्वाधिक रीच, एक रील."

[दृश्य: मोबाईलवर प्रेक्षकांची माहिती. शहरांची यादी.]

लहान आकड्याला वजन येतं ते या पानामुळे. काकूंच्या फॉलोअरपैकी पुण्यात एकवीस टक्के, कोल्हापुरात सतरा, सांगलीत चौदा. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं या तीन शहरांत. अठ्ठ्याहत्तर टक्के स्त्रिया. पंचवीस ते चव्वेचाळीस वयोगटातल्या चौसष्ट टक्के. देशभर विकणाऱ्या बिस्किटांच्या कंपनीला यात फार रस नसेल. पण ज्याचा कांदा-लसूण मसाला कोल्हापूर, सांगली आणि पुण्याच्या दुकानांतच मिळतो, त्याच्यासाठी ही माणसं थेट गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यातली एखादी संध्याकाळी वाण्याकडून ते पाकीट आणू शकते.

पहिल्या वेळी पाठवलेल्या चार कंपन्यांत एकही जवळपासची नव्हती.

दुसरी गोष्ट पुतणीच्या लक्षात आली. तीन हजार नऊशेच्या आसपास पोहोचलेल्या एका आमटीच्या रीलला दोनशे दहा सेव्ह होते. शंभरातल्या पाचांहून अधिक जणांनी ती पुन्हा बघायला ठेवून दिली. रेसिपीच्या बाबतीत लाईकपेक्षा सेव्हचं मोल जास्त, कारण सेव्ह करणारी बाई ते करून बघणार असते, आणि करताना तो मसाला तिच्या हाताशी लागणार असतो. हे वाक्य जसंच्या तसं किटमध्ये गेलं.

[दृश्य: कोरं पान. एकेक तुकडा त्यावर येतोय.]

नवं किट एका पानाचं झालं. वर नाव आणि दोन ओळी: सांगलीच्या घरचा रोजचा स्वयंपाक, मराठीत, आठवड्याला तीन रील. त्याखाली आकडे, आणि आकड्यांखाली बारीक अक्षरांत काढल्याची तारीख आणि पद्धत. मग तीन रीलच्या लिंक. लिंक दाबता यायला हव्यात. पान फोटो म्हणून सेव्ह केलं तर त्या मरतात, म्हणून पीडीएफच करायची. या तिन्हीत भडंगाची रील नाही. मसाला ज्यात स्पष्ट दिसतो अशा घेतल्या, कारण बघणाऱ्याला आपलं पाकीट तिथे कल्पावं लागतं.

जुन्या किटमध्ये "आमचे ब्रँड" म्हणून चार लोगो होते. त्यातल्या तीन वस्तू काकूंनी दुकानातून विकत आणल्या होत्या. चौथी कंपनीने नुसती भेट पाठवलेली. चारही काढले. ज्यांनी काम दिलं नाही त्यांचा लोगो लावणं म्हणजे खोटी साक्ष आहे, आणि ते एका फोनवर उघडं पडतं. आधी काम केलेलं नसेल तर ती जागा मोकळी राहू द्यावी.

त्याऐवजी तळाशी एक ओळ आली: "पैसे घेऊन किंवा मोफत वस्तू घेऊन केलेल्या रीलवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिते." जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, हिने यासाठी २०२१ साली नियमावली आणली, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ च्या जानेवारीत आली. दोन्हींत फुकट मिळालेली वस्तूही धरली आहे. कंपनीलाही यात जोखीम असते, त्यामुळे ही ओळ तिला दिलासा देते.

[दृश्य: वहीचं दुसरं पान. दर.]

दराचं पान वेगळं ठेवलं, कारण दर कामाप्रमाणे बदलतो. बाजारात कोण किती घेतं हे विचारत बसण्यापेक्षा काकूंनी आपला खर्च मांडला. एका रीलला सामान आणणं, शूटिंग, एडिटिंग धरून दहा तास. तासाला साडेतीनशे, म्हणजे साडेतीन हजार. सामान आणि गॅस पाचशे. फोन, मेल आणि एकदा दुरुस्ती, याचे हजार. पाच हजार रुपये.

ही रक्कम तीन हजार नऊशेने भागली तर एका माणसामागे सव्वा रुपयाहून थोडं जास्त पडतं. नुसती माणसं मोजली तर कंपनीला इन्स्टाग्रामची सरळ जाहिरात याहून स्वस्त पडू शकते. मग ती काकूंना का घेईल? कारण तिला तयार व्हिडिओही मिळतो, खऱ्या स्वयंपाकघरातला, खऱ्या हातांचा. म्हणून तो व्हिडिओ कंपनी स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल, तर त्याचे पैसे वेगळे: तीस दिवसांना दोन हजार. मुदत लिहिली नाही तर कंपनी तो वर्षानुवर्षं चालवू शकते, आणि दुसरा मसालेवाला मग काकूंना विचारत नाही.

[दृश्य: मेल टाईप होतोय.]

मेल सहा ओळींचा:

"नमस्कार. मी सांगलीहून मराठीत रोजच्या स्वयंपाकाच्या रील करते. माझ्या फॉलोअरपैकी निम्म्याहून जास्त पुणे, कोल्हापूर आणि सांगलीत आहेत, जिथे तुमचा कांदा-लसूण मसाला मिळतो. तो वापरून अख्ख्या मसुराची आमटी आणि झुणका, अशा दोन रील सुचतात. एका रीलचा साधारण रीच ३,९०० आहे. माहितीचं एक पान सोबत जोडलं आहे. पुढच्या आठवड्यात फोन केला तर चालेल का?"

फाईलचं नावही बदललं. `final-final-2.pdf` जाऊन तिथे नाव, महिना आणि वर्ष आलं.

[दृश्य: मोबाईलची स्क्रीन. उत्तर.]

नवव्या दिवशी एका मसाला कंपनीचं उत्तर आलं. पहिली मागणी तीच: गेल्या तीस दिवसांचा स्क्रीनशॉट. काकूंनी त्याच मिनिटाला पाठवला, कारण तो पानावरच्या आकड्यांशी जुळत होता. दुसरी मागणी, जाहिरातीत वापरायचे दोन हजार माफ करा. पुतणी म्हणाली, करून टाकू या काकू, पहिलंच काम आहे. काकूंनी थोडा वेळ कढईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस फुकट देऊ. सोळाव्या दिवसापासून पैसे. हे मेलमध्ये लिही."

[दृश्य: ओटा. नवं पाकीट कात्रीने उघडलं जातंय. कॅमेऱ्यासमोर पाटीवर लिहिलेलं: जाहिरात.]