मृत्यूचा दाखला: कशासाठी लागतो आणि किती प्रती काढायच्या

[दृश्य: नोंदणी कार्यालयाची खिडकी. काउंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स.]

मंचरजवळच्या एका गावातला माणूस धरा. वय 48, चाकणच्या कारखान्यात नोकरीला. 28 मार्चला पिंपरीच्या एका रुग्णालयात तो वारतो. अंत्यसंस्कार गावी होतात. दिवसकार्य उरकल्यावर घरचे दाखला काढायला ग्रामपंचायतीत जातात आणि ग्रामसेवक सांगतात, ही नोंद इथे होणार नाही.

ग्रामसेवकांचं बरोबर आहे. मृत्यूची नोंद माणूस जिथला रहिवासी होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. इथे ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत होणार. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयानेच 21 दिवसांच्या आत निबंधकाकडे द्यायची असते. घरी मृत्यू झाला तर ती जबाबदारी घरच्यांवर येते. रुग्णालयातून मिळालेला कागद किंवा स्मशानातली पावती म्हणजे दाखला नव्हे. नोंदणी क्रमांक आणि निबंधकाची सही असलेलं प्रमाणपत्र हाच दाखला, आणि बँक, विमा कंपनी, पीएफ कार्यालय तोच मागतात.

[दृश्य: दाखल्याचा क्लोजअप. ‘मृत्यूचा दिनांक’ ही ओळ.]

माणूस गेला हे अख्ख्या गावाला माहीत असतं, मग या सगळ्यांना कागद कशाला हवा? त्यांना त्यातली तारीख हवी असते. एकाच तारखेवरून तिन्ही ठिकाणी वेगवेगळे हिशेब सुरू होतात.

बँकेच्या दृष्टीने 28 मार्चनंतर त्या माणसाची सही उरत नाही. त्याच्या चेकवर पैसे द्यायचे नसतात आणि खात्यातली रक्कम नॉमिनीकडे किंवा वारसांकडे जायची असते. खात्याला नॉमिनी असेल, तर दावा अर्ज, दाखला आणि नॉमिनीची ओळख पटवणारा कागद एवढ्यावर काम होतं. कागद पूर्ण असतील तर बँकेने 15 दिवसांत दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरात एटीएम कार्ड असतं, पिन माहीत असतो, खर्चाची निकड असते. तरी त्या तारखेनंतर कार्ड वापरू नये. पुढे भावाभावांत वाद झालाच, तर दाखल्यावरची तारीख आणि पासबुकातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या जातात.

विमा कंपनी बघते, त्या दिवशी पॉलिसी चालू होती का? समजा, वार्षिक हप्ता 10 मार्चला होता आणि आजारपणाच्या धावपळीत तो राहून गेला. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मुदत असते. 28 मार्च त्या मुदतीत येतो, म्हणजे पॉलिसी चालू आहे. कंपनी राहिलेला हप्ता वळता करून दावा देते. मृत्यू महिनाभर उशिरा झाला असता, तर प्रश्न उभा राहिला असता.

एक विमा अनेकदा घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. पासबुक काढा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. तिचं वर्ष 1 जून ते 31 मे. आपल्या उदाहरणातला मृत्यू त्याच्या आत येतो, म्हणून नॉमिनीला 2 लाख रुपये मिळू शकतात. अर्ज त्याच बँकेत द्यायचा. बँक आपणहून ही आठवण करून देईल, या भरवशावर राहू नका.

निवृत्तिवेतनाचं तर या तारखेवरच सगळं ठरतं. नोकरीत असताना कामगार गेला, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत त्याच्या पत्नीचं पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. इथे 29 मार्चपासून. अर्ज जुलैत मंजूर झाला, तरी आधीच्या महिन्यांची थकबाकी मिळायला हवी. त्याच कार्यालयातून पीएफची रक्कम आणि पीएफशी जोडलेल्या विम्याचे पैसेही येतात.

मृत्यूचं कारण मात्र दाखल्यावर नसतं. कायद्यानेच ते छापायला मनाई आहे. त्यामुळे पॉलिसी घेऊन तीन वर्षं झाली नसतील, तर विमा कंपनी रुग्णालयाचे कागद वेगळे मागते. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं यातलं काही टाकून देऊ नका.

[दृश्य: एकाच माणसाचे तीन कागद. तिन्हींवर नाव वेगळं.]

आता नाव. दावे सर्वांत जास्त अडलेले मी इथेच पाहिले आहेत. आधारवर ‘दत्तात्रय’, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसीवर ‘दत्तू’, आणि रुग्णालयात घाईघाईत दाखल करताना कुणीतरी सांगितलं ‘दत्ता’. रुग्णालयाच्या केसपेपरवरचं नाव पुढे निबंधकाकडे जातं आणि दाखल्यावर तेच उतरतं. म्हणून रुग्णालयातून निघण्याआधीच आधारची प्रत तिथल्या कारकुनाच्या हातात द्या आणि मृत्यूच्या अहवालात काय लिहिलंय ते वाचून घ्या. त्या वेळी मन थाऱ्यावर नसतं. हे काम घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसावर सोपवा.

तरीही चूक राहिली, तर दुरुस्तीचा अर्ज नोंदणी झालेल्या कार्यालयातच करायचा, ओळखीचे पुरावे आणि प्रतिज्ञापत्र जोडून. दाखला आधारशी जुळवून घ्या. जुन्या पॉलिसीवरचा ‘दत्तू’ आणि ‘दत्तात्रय’ ही एकच व्यक्ती, असं प्रतिज्ञापत्र विमा कंपनीला वेगळं देता येतं.

म्हणूनच दहा प्रतींचा अर्ज पहिल्याच दिवशी करू नका. आधी एकच प्रत घ्या. खिडकीपाशीच उभं राहून नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव, तारीख आणि पत्ता वाचा, मराठीतही आणि इंग्रजीतही. सगळं बरोबर असेल तरच बाकीच्या प्रती मागा. दुरुस्ती झाली की आधी काढलेल्या प्रती कामातून जातात.

[दृश्य: वहीत हाताने केलेली यादी.]

किती प्रती? नातेवाईक पाच म्हणतात, एजंट पंधरा म्हणतो. आकडा घरच्या यादीवरून काढा. काही कार्यालयं मूळ प्रत पाहून झेरॉक्सवर शिक्का मारतात आणि मूळ प्रत परत देतात. काही ती फाइलला लावून ठेवतात. आपल्या माणसाची यादी अशी होते: पगाराचं खातं एका बँकेत, बचत खातं जिल्हा बँकेत, म्हणजे दोन. आयुर्विम्याला एक. 436 रुपयांच्या विम्याला एक. पीएफ कार्यालयाला एक. सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तलाठ्याकडे एक. झाल्या सहा. घरात दोन ठेवायच्या. एकूण आठ. नॉमिनी नसेल आणि वारस दाखल्यासाठी कोर्टात जावं लागणार असेल, तर आणखी दोन धरा. शहरात भाड्याने राहणाऱ्या आणि एकच खातं असलेल्या घराला चार-पाचही पुरतात.

कुठेही प्रत देण्याआधी विचारा, मूळ ठेवणार की पाहून परत देणार? ठेवणार असतील, तर पोच घ्या. तुमच्याकडच्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. घरातली शेवटची मूळ प्रत मात्र कुणालाही देऊ नका.

कमी पडल्या तर घाबरू नका. जादा प्रतींचं शुल्क किरकोळ असतं आणि पाच वर्षांनीही त्याच कार्यालयातून नवी प्रत निघते. त्यासाठी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख लागते. दोन्ही दाखल्यावर छापलेलं असतं. फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि बँकेच्या पासबुकाच्या आतल्या पानावर क्रमांक लिहून ठेवा.