चौदा मिलिमीटरसाठी तीन कागद

(दृश्य: टेबलावर पसरलेले ए-फोर कागद. प्रत्येकावर एकाच चित्राचा एकेक तुकडा.)

हे पोस्टर ए-वन आकाराचं आहे. रुंदी ८४१ मिलिमीटर, उंची ५९४. प्रिंटर मात्र ए-फोरचा, म्हणजे २९७ बाय २१०. हिशेब सोपा वाटतो. ए-वनमध्ये ए-फोर बरोबर आठ वेळा बसतो, मग आठ कागद पुरेत!

पुरत नाहीत. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, चारही बाजूंनी थोडी कोरी कड सोडतात. आपल्या प्रिंटरची कड ५ मिलिमीटर धरू. आडव्या कागदावर छपाईला उरले २८७ बाय २००. शिवाय शेजारच्या दोन कागदांवर चित्राची तीच पट्टी दोनदा छापायची आहे, १० मिलिमीटरची. हाच ओव्हरलॅप. त्यामुळे पहिला कागद २८७ भरतो, पण पुढचा प्रत्येक कागद चित्र २७७ नेच पुढे नेतो.

आता रुंदी मोजू. २८७, अधिक २७७, अधिक २७७. बरोबर ८४१. तीन कागदांत काम झालं. उंचीला २००, मग १९०, मग १९०. होतात ५८०. हवेत ५९४. चौदा मिलिमीटर कमी पडले आणि तेवढ्यासाठी चौथी ओळ लागली, म्हणजे आणखी तीन कागद. त्यांच्यावर काय छापलं जाणार? खालच्या काठाची बोटभर पट्टी. कागद उभे धरले तर आणखी वाईट, पंधरा लागतात.

ओव्हरलॅप कमी करून तिसऱ्या ओळीतच बसवता येईल, पण मग तो जेमतेम ३ मिलिमीटर उरतो. माझं मत विचाराल तर ओव्हरलॅपला हात लावू नका, चित्र थोडं लहान करा. ९७ टक्क्यांवर उंची ५७६ होते आणि बारा कागदांचं काम नऊवर येतं. लांबून पाहणाऱ्याला हा फरक कळतही नाही.

(दृश्य: स्क्रीनवर प्रिंटची खिडकी.)

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये छपाईच्या खिडकीत `Poster` निवडायचं. `Tile Scale` मध्ये ९७, `Overlap` मध्ये १० मिलिमीटर. `Cut marks` आणि `Labels` वर खूण करायची, म्हणजे कापायच्या खुणा आणि कागदाचे क्रमांक छापून येतात.

फाइल आधीच ए-फोर तुकड्यांत कापलेली मिळाली असेल, तर `Actual size` वर छापा. `Fit` राहिलं, तर प्रत्येक तुकडा सारख्याच प्रमाणात आक्रसतो. सगळे सांधे नीट जुळतात, म्हणून चूक लक्षातच येत नाही. पोस्टर चौकटीत लावायला गेलं की ते लहान पडतं. म्हणून कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवावी आणि पहिला कागद निघाला की पट्टीने मोजावी. आपल्या ९७ टक्क्यांच्या पोस्टरवर ती ९७ भरली पाहिजे.

(दृश्य: जवळून. स्टीलची पट्टी, कटर, दोन कागदांचा सांधा.)

आता कापणी. प्रत्येक सांध्यावर एकच कागद कापायचा, जो वर बसणार तो. उजवीकडचा कागद घ्या. त्याची डावी कोरी कड तर कापाच, शिवाय ओव्हरलॅपचाही अर्धा भाग कापून टाका. डावीकडचा कागद तसाच ठेवा. वरचा कागद केसभर सरकला, तरी फटीतून पांढरं दिसत नाही, कारण खाली तेच चित्र पुढे ५ मिलिमीटर छापलेलं आहे. ओव्हरलॅप गोंदासाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. गोंदाला कोरी कडही चालली असती. त्याचं खरं काम हाताची चूक झाकणं.

जुळवताना कागदाच्या कडेकडे पाहू नका, चित्राकडे पाहा. सांध्यावरून जाणारं एखादं अक्षर किंवा रेघ धरा. कागद प्रिंटरमध्ये किंचित तिरका गेला असेल, तर एका टोकाला जुळवलेला सांधा दुसऱ्या टोकाला चांगलाच सुटतो. मधोमध जुळवा, म्हणजे चूक दोन्हीकडे अर्धी अर्धी वाटली जाते. आधी तीन आडव्या ओळी पूर्ण करा, मग ओळी एकमेकींना जोडा.

पातळ गोंद इथे नको. पाण्याने कागद फुगतो, लांबतो आणि बरोबर जुळलेली रेघ डोळ्यांदेखत सरकते. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

(दृश्य: बाहेरची भिंत. खालची ओळ लागली आहे, वरची ओळ तिच्यावर येते आहे.)

पोस्टर उघड्यावर लागणार असेल, तर ओळींच्या सांध्यात वरच्या ओळीची खालची कड कापायची आणि ती खालच्या ओळीवर आणायची. भिंतीवर चिकटवताना सुरुवात खालून. कौलं अशीच रचतात, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात न शिरता वरून ओघळून जातं.