व्हेंडर बदलताना: कोअर बँकिंगच्या क्लाउड करारातील बाहेर पडण्याची कलमे

(नागरी सहकारी बँकांचे संचालक व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभागृहातील बहुतेक मंडळी नागरी सहकारी बँकांची असल्याने मी आज क्लाउडबद्दल सर्वसाधारण न बोलता एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे. बँकेचे कोअर बँकिंग सॉफ्टवेअर व्हेंडरच्या क्लाउडवर चालते, महिन्याला भाडे जाते, आणि काही वर्षांनी संचालक मंडळ दुसऱ्या व्हेंडरकडे जाण्याचा ठराव करते. ठरावानंतर पहिल्याकडून काय मिळते, ते कोणत्या रूपात मिळते आणि त्याच्याकडे मागे काय उरते, याची उत्तरे पाच वर्षांपूर्वी सही केलेल्या करारात असतात किंवा नसतात. सोडून जाणाऱ्या ग्राहकाला नवी कलमे मागण्याचा जोर राहत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून ही कलमे सहीच्या आधीच घासाघीस करून घ्यायची असतात.

रिझर्व्ह बँकेने आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगबाबतचे निर्देश 10 एप्रिल 2023 रोजी काढले आणि ते 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू केले. नागरी सहकारी बँकांपैकी श्रेणी 3 आणि 4 मधील बँका त्यांच्या कक्षेत घेतल्या होत्या. बाहेर पडण्याची योजना आधीच तयार असावी, जुन्या पुरवठादाराने बँकेला आणि नव्या पुरवठादाराला सहकार्य करणे कराराने बंधनकारक असावे, आणि संक्रमणाच्या काळात बँकेने किंवा नियामकाने सांगितल्याखेरीज जुन्या पुरवठादाराने कोणताही डेटा पुसू किंवा बदलू नये, असे त्यात स्पष्ट आहे. लहान बँकांनीही हा मजकूर करारात जसाच्या तसा घातला तर बिघडत काही नाही. मात्र निर्देशांतील वाक्य करारात उतरवले की काम झाले, असे समजणाऱ्यांची गाडी पुढच्या तीन ठिकाणी अडते.

पहिले ठिकाण मालकीचे. ‘डेटाची मालकी ग्राहकाची राहील’ हे वाक्य आज प्रत्येक करारात असते आणि त्यावर कोणी वादही घालत नाही. वाद होतो तो डेटा म्हणजे नेमके काय, यावर. खातेदार, खाती, शिल्लक आणि व्यवहार हा डेटा आहे, हे व्हेंडर मान्य करतो. पण कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या वेळी कोणत्या खात्याचा व्याजदर बदलला आणि तो बदल कोणी मंजूर केला, याची नोंद म्हणजे ऑडिट ट्रेल, ही ‘आमच्या प्रणालीचा लॉग’ म्हणून तो बाजूला ठेवतो. व्याज आकारणीसाठी तुमच्या बँकेसाठी भरलेले नियम, योजनांचे दर आणि ते लागू झाल्याच्या तारखा याही ‘सॉफ्टवेअरची रचना’ ठरतात. उद्या एखाद्या कर्ज प्रकरणात न्यायालयात व्याजाचा हिशेब मांडायचा झाला तर नेमक्या याच गोष्टी लागतात. म्हणून मालकीच्या कलमाला एक परिशिष्ट जोडावे आणि त्यात बँकेच्या कामकाजातून तयार झालेल्या प्रत्येक प्रकारच्या नोंदीचे नाव लिहावे. मसुदा करणारे वकील हे परिशिष्ट टाळू पाहतात, कारण ते लिहायला बँकेच्या आयटी विभागाला आठवडाभर बसावे लागते. तो आठवडा द्यावाच.

दुसरे ठिकाण निर्यातीच्या स्वरूपाचे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. ‘डेटा प्रचलित स्वरूपात दिला जाईल’ एवढेच लिहिले असेल तर शेवटच्या महिन्यात हातात पीडीएफमधील खातेउतारे पडू शकतात, आणि व्हेंडरने करार पाळला नाही असेही म्हणता येणार नाही. सीएसव्ही लिहून घेतले तरी पुरत नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, एका बँकेची सव्वा लाख खाती आहेत आणि निर्यात केलेल्या खात्यांच्या तक्त्यात ‘स्थिती’ नावाचा रकाना आहे. त्या रकान्यात 1, 2, 5, 7 असे आकडे दिसतात. 1 म्हणजे चालू आणि 2 म्हणजे बंद, हे अंदाजाने कळते. 5 म्हणजे दोन वर्षे व्यवहार नसलेले निष्क्रिय खाते, आणि 7 म्हणजे न्यायालयाच्या किंवा आयकर विभागाच्या आदेशाने गोठवलेले खाते. हे अर्थ तक्त्यात नसून जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये आहेत. नव्या व्हेंडरने 7 ची दखल न घेता ती खाती चालू म्हणून चढवली, तर सोमवारी सकाळी काउंटरवर गोठवलेल्या खात्यातून पैसे निघतात आणि कोणत्याही यंत्रणेत चूक दिसत नाही, कारण शिल्लक तर बरोबर आहे. म्हणूनच करारात डेटासोबत डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक रकान्याचा आणि प्रत्येक सांकेतिक आकड्याचा अर्थ सांगणारा दस्तऐवज, मागायचा असतो.

सह्यांच्या आणि केवायसीच्या प्रतिमांचेही असेच आहे. फाइली लाखोंनी मिळतात, पण त्यांची नावे यंत्राने दिलेली लांबलचक अक्षरे असतात. कोणती सही कोणत्या खात्याची, हे सांगणारा जोडतक्ता मागितला नाही तर तो मिळत नाही. मराठी नावांचा प्रश्न तर खास आपला. ज्या बँकांचे संगणकीकरण युनिकोडच्या आधी झाले, तेथे खातेदारांची नावे एखाद्या जुन्या फाँटच्या सांकेतिकीत साठवलेली असतात. तो फाँट असलेल्या यंत्रावर नाव ठीक दिसते, निर्यातीत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उतरते. रूपांतर करून युनिकोडमध्ये, यूटीएफ-8 सांकेतिकीत डेटा देण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून घ्यावे. आणि फाइल तपासायला एक्सेलमध्ये सरळ उघडू नये, ही एक व्यावहारिक सूचना. एक्सेल आकड्यांचे पहिले पंधरा अंकच नेमके धरते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही उडतात. तशी फाइल ‘सेव्ह’ झाली की मूळ आकडा गेला.

निर्यात पुरी झाली हे ओळखायचे कसे? नुसती खात्यांची संख्या जुळवून भागत नाही. ठरलेल्या दिवसाच्या दिनअखेरीचे तेरीजपत्रक घ्यावे, निर्यात केलेल्या डेटावरून प्रत्येक खतावणी शीर्षाची बेरीज स्वतंत्रपणे काढावी, आणि दोन्ही पैशापर्यंत जुळवाव्यात. फरक निघाला तर तो बहुधा मुदत ठेवींवर देय झालेल्या पण अद्याप जमा न केलेल्या व्याजात सापडतो, कारण जुनी प्रणाली ते व्याज आतून पैशाच्याही अपूर्णांकात मोजते आणि निर्यात करताना पूर्णांकात आणते. मग काही खाती नमुन्यादाखल निवडून त्यांचा संपूर्ण उतारा नव्या प्रणालीत काढून पाहावा. हा सगळा प्रयोग सोडण्याच्या वेळी पहिल्यांदा करू नये. वर्षातून एकदा चाचणी निर्यात विनाशुल्क मिळेल, असे कलम असावे आणि बँकेने ते खरोखर वापरावे.

वेळेचा हिशेबही करारातच बसवायचा. 1 टेराबाइट डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगाने उतरवायला सुमारे 22 तास लागतात. प्रतिमांसह 6 टेराबाइट असतील तर साडेपाच दिवस, आणि दिवसा त्याच लाइनवर शाखाही चालत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरावे. एक फेरी जुळली नाही की दुसरी आलीच. त्यामुळे करार संपल्यावर डेटा मिळवायला तीस दिवस देणारे कलम कागदावर उदार वाटले तरी जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवण्याचा काळ धरता ते अपुरे पडते. सहा महिने मागावेत आणि तीनवर यावे. युरोपीय संघाने हा प्रश्न कायद्यानेच हाताळला आहे. त्यांचा डेटा अधिनियम 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला असून 12 जानेवारी 2027 पासून ग्राहकाला पुरवठादार बदलण्याचे शुल्क लावण्यास मनाई आहे. आपल्याला निर्यातीचा दर, म्हणजे मनुष्यतासाचा आणि गिगाबाइटचा, करारातच आकड्यात लिहून घ्यावा लागतो.

तिसरे ठिकाण पुसण्याचे. इथे बहुतेक बँका एका पत्रावर समाधान मानतात: ‘आपला सर्व डेटा आमच्या प्रणालीतून काढून टाकण्यात आला आहे.’ या पत्रातून काहीच सिद्ध होत नाही. स्वतःच्या सर्व्हरची हार्ड डिस्क भोक पाडून नष्ट करता येते. क्लाउडमध्ये तीच डिस्क आणखी शेकडो ग्राहक वापरत असतात, तेव्हा तो मार्गच उरत नाही. शिवाय ‘डिलीट’ या क्रियेचा अर्थ प्रत्येक सेवेत वेगळा आहे. ॲमेझॉनच्या एस-3 साठवणीत आवृत्त्या जपण्याची सोय चालू असेल, तर फाइल नेहमीच्या पद्धतीने डिलीट केल्यावर फक्त एक खूण लागते आणि फाइलची जुनी आवृत्ती तशीच राहते. यादीत फाइल दिसत नाही, म्हणून सगळे निश्चिंत होतात. खरी स्थिती या आज्ञेने दिसते:

```
aws s3api list-object-versions --bucket <bucket-name> --max-items 5
```

उत्तरात `Versions` खाली काहीही आले, तर डेटा जागेवर आहे. ॲमेझॉनवरील ते खाते बहुधा व्हेंडरच्या नावावर असते, बँकेला ही आज्ञा चालवता येत नाही. म्हणून बँकेच्या माहिती-प्रणाली लेखापरीक्षकासमोर ती चालवून दाखवण्याचे कलम लागते.

बॅकअपचा मार्ग वेगळा. त्यातून एका ग्राहकाचा डेटा वेचून काढणे सहसा शक्य नसते; बॅकअपची मुदत संपेपर्यंत वाट पाहावी लागते. मोठे पुरवठादार हे लपवत नाहीत. गूगल क्लाउडच्या कागदपत्रांत पूर्ण पुसले जायला साधारण 180 दिवसांचा काळ सांगितला आहे. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या 800-88 या मार्गदर्शक तत्त्वांत मान्य केलेली किल्ली नष्ट करण्याची पद्धत. डेटा पहिल्या दिवसापासून बँकेच्या स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध केलेला असेल, तर ती किल्ली नष्ट केली की बॅकअपमधील प्रतीही वाचता येत नाहीत. किल्ली सर्व ग्राहकांना सामायिक असेल तर हा उपाय बाद, हे लक्षात घ्या. ॲमेझॉनच्या किल्ली-सेवेत नष्ट करण्याआधी 7 ते 30 दिवसांचा प्रतीक्षाकाळ ठेवावा लागतो आणि तो ठेवला आहे ते बरेच आहे, कारण तेरीज जुळण्याआधी घाईने किल्ली नष्ट केली तर परतीची वाट नाही. सहकारी बँकांना काही नोंदी पाच आणि काही आठ वर्षे जपाव्या लागतात. त्या स्वतःकडे वाचता येण्याजोग्या स्वरूपात आल्या आहेत, याची खात्री झाल्यावरच पुसण्याची सूचना लेखी द्यावी.

किल्लीची मर्यादाही सांगतो. सॉफ्टवेअरमधील दोष शोधताना व्हेंडरचे अभियंते खऱ्या डेटाची प्रत चाचणीच्या सर्व्हरवर घेतात, कधी लॅपटॉपवरही, आणि त्या प्रती बहुधा कूटबद्ध नसतात. एसएमएस पाठवणाऱ्या उपकंत्राटदाराकडे खातेदारांचे मोबाइल क्रमांक असतात. म्हणून पुसल्याच्या दाखल्यात एकच सरसकट वाक्य न स्वीकारता, मुख्य प्रणाली, आपत्कालीन केंद्र, चाचणी सर्व्हर, बॅकअप आणि प्रत्येक उपकंत्राटदार यांची स्वतंत्र ओळ, पुसण्याची पद्धत, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही मागावी. बॅकअपच्या ओळीत तारीख भविष्यातली असेल, आणि तसे असण्यात गैर काही नाही. फक्त गोपनीयतेचे कलम, तपासणीचा अधिकार आणि डेटा फुटल्यास कळवण्याची जबाबदारी करार संपल्याच्या दिवशी न संपता त्या शेवटच्या तारखेपर्यंत चालू राहील, असे लिहून घ्यावे, आणि अंतिम बिलाचा काही भाग तोवर बँकेने आपल्याकडे राखून ठेवावा.